चाव्यानंतरची पंचवीस वर्षं: चागास आजार मुकाट्याने काय करत असतो

सप्टेंबर २०२५ मधली गोष्ट. माझी मावसबहीण टेक्सासमध्ये, सॅन अँटोनिओजवळ राहते. तिने घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका किड्याचा फोटो टाकला. बाथरूमची पांढरी फरशी, त्यावर तो मेलेला किडा आणि मापाला शेजारी एक नाणं. खाली एकच ओळ होती: "ताई, हाच का तो किसिंग बग?"

त्याच सुमाराला तिकडच्या बातम्यांत हा किडा गाजत होता. चागास नावाचा आजार आता अमेरिकेतच मूळ धरून आहे, तो फक्त बाहेरून येणारा आजार समजू नका, असं काही संशोधकांनी तिथल्या सरकारी आरोग्यसंस्थेच्या मासिकात लिहिलं होतं. आपल्याकडच्या वेबसाइट्सवरही ती बातमी आली. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी किड्याचं नाव होतं, घाबरवणारा मथळा होता, पण आजार नेमका कसा चालतो ते नव्हतं.

फोटोतला किडा तो नव्हता. त्याचे मागचे पाय पानासारखे चपटे होते. खऱ्या किसिंग बगचे पाय काडीसारखे बारीक असतात, डोकं लांबट निमुळतं असतं आणि पाठीच्या कडेला बहुधा नारिंगी-काळे पट्टे दिसतात. मी तसं कळवलं. लगेच तिचा फोन आला. "चावला तर कळेल ना? आणि तीस वर्षांनी हृदय निकामी होतं म्हणतात. मग ती तीस वर्षं तो जंतू करतो तरी काय?"

मी महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, आणि या आजाराबद्दल मला आलेला हा सगळ्यात नेमका प्रश्न होता. पुढचं सगळं त्याचंच उत्तर आहे.

चाव्यातून नव्हे, विष्ठेतून

हा किडा आपल्या ढेकणाचा लांबचा भाऊबंद म्हणता येईल, पण आकाराने बराच मोठा. पूर्ण वाढलेला किडा दोन-अडीच सेंटीमीटरचा असतो आणि त्याला पंख असतात. अंड्यातून बाहेर पडल्यापासून शेवटपर्यंत त्याचं अन्न एकच, रक्त. लॅटिन अमेरिकेत गावोगाव त्याची वेगवेगळी नावं आहेत. बोलिव्हिया, अर्जेंटिनाकडे त्याला 'विंचुका' म्हणतात, तर ब्राझीलमध्ये 'बार्बेरो', म्हणजे न्हावी. झोपलेल्या माणसाचं तोंडच तेवढं पांघरुणाबाहेर असतं आणि हा तिथेच चावतो, म्हणून न्हावी. इंग्रजीतलं 'किसिंग' हे नावही त्यावरूनच पडलं.

दिवसा तो मातीच्या विटांच्या भिंतींना गेलेल्या तड्यांत, शाकारलेल्या छपरात किंवा खाटेमागे दडून राहतो. रात्री बाहेर येतो आणि दहा-वीस मिनिटं निवांत रक्त पितो. त्याच्या लाळेत जागा बधिर करणारे घटक असतात, त्यामुळे झोपलेला माणूस जागाही होत नाही.

ट्रिपॅनोसोमा क्रुझी हा चागासचा जंतू किड्याच्या लाळेत नसतो. मलेरियात डासाच्या सोंडेतून जंतू थेट रक्तात उतरतो, तसं इथे होत नाही. हा जंतू किड्याच्या आतड्याच्या शेवटच्या भागात राहतो. पोट भरत आलं की किडा तिथेच, कातडीवर, विष्ठेचा थेंब टाकतो. माणूस झोपेत खाजवतो, तो थेंब चाव्याच्या जखमेत चोळला जातो, किंवा त्याच बोटाने डोळा चोळला जातो. धडधाकट कातडीतून जंतू आत जाऊ शकत नाही.

त्यामुळे एक चावा म्हणजे आजार असा हिशेब नाही. जंतू असलेल्या किड्याशीसुद्धा शेकडो-हजारो वेळा संबंध येतो तेव्हा एखाद्या वेळी लागण होते. पण ज्या मुलाच्या उशालगतच्या भिंतीत असे डझनावारी किडे राहतात, त्याला वर्षाकाठी चावे किती बसत असतील? अशा घरात दहा वर्षं काढली की ती 'एखादी वेळ' येतेच. टेक्सासमधल्या जाळीबंद, गिलावा केलेल्या घरात ती फारच क्वचित येते. शिवाय तिथल्या जाती बऱ्याचदा रक्त पिऊन बाजूला सरकल्यावर विष्ठा टाकतात, त्यामुळे धोका आणखी उतरतो.

लागण होण्याचे आणखी मार्ग आहेत: लागण झालेल्या व्यक्तीचं रक्त किंवा अवयव, आईकडून पोटातल्या बाळाला, आणि खाण्यापिण्यातून. २००५ मध्ये ब्राझीलच्या सांता कातारीना राज्यात महामार्गालगत उसाचा रस प्यायलेल्या लोकांना चागास झाला आणि काहीजण दगावले. उसाबरोबर किडाही चरकात गेला होता. २००७ मध्ये व्हेनेझुएलाची राजधानी काराकासमधल्या एका शाळेत पेरूच्या रसातून १०३ जणांना लागण झाली. तोंडावाटे एकदम खूप जंतू जातात, म्हणून असा आजार सुरुवातीलाच जोरदार होतो. किड्याच्या वाटेने येणारा मात्र बहुतेक वेळा गुपचूप येतो.

पहिले दोन महिने: ताप येतो आणि जातो

जंतू आत गेल्यावर आठवडा-दोन आठवड्यांत रक्तात दिसू लागतो. आमच्या प्रयोगशाळेत त्याची एक जुनी रंगवलेली काचपट्टी आहे. लाल रक्तपेशींच्या मधोमध तो चंद्रकोरीसारखा वाकलेला दिसतो, एका टोकाला बारीक शेपूट आणि दुसऱ्या टोकाशी गडद जांभळा, ठसठशीत ठिपका. विद्यार्थी तो ठिपका एकदा पाहिला की विसरत नाहीत.

या काळात काहींना ताप येतो, गाठी सुजतात, अंग दुखतं. जंतू डोळ्यावाटे शिरला असेल तर एकाच डोळ्याच्या पापण्या टम्म सुजतात, पण दुखत नाहीत. सेसिलिओ रोमान्या या डॉक्टरांनी १९३५ मध्ये या सुजेकडे लक्ष वेधलं आणि ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पण बहुसंख्य लोकांना यातलं काहीच होत नाही, किंवा झालं तरी 'साधा ताप' म्हणून सुटून जातं. दोन-तीन महिन्यांत शरीराची प्रतिकारशक्ती जंतूंना आटोक्यात आणते. ताप उतरतो, सूज ओसरते, मूल पुन्हा खेळायला लागतं.

मग शांतता असते तेव्हा जंतू झोपलेला असतो का?

इथे बऱ्याच जणांची समजूत चुकते. प्रतिकारशक्ती रक्तातले जंतू साफ करते खरी, पण तोवर ते रक्त सोडून पेशींच्या आत शिरलेले असतात. हृदयाचा स्नायू आणि आतड्याच्या भिंतीतला स्नायू या त्यांच्या आवडत्या जागा. आत गेल्यावर जंतू शेपूट टाकून गोल होतो आणि एकाचे दोन, दोनाचे चार असा वाढू लागतो. हृदयाच्या स्नायूची काचपट्टी पाहिली तर एखाद्या धाग्याच्या आत राजगिऱ्याचे दाणे ठासून भरल्यासारखे ठिपके दिसतात. चार-पाच दिवसांत पेशी फुटते, जंतू पुन्हा शेपूट धारण करून बाहेर पडतात आणि शेजारच्या पेशीत घुसतात. शरीर त्यांच्यावर तुटून पडतं आणि बऱ्याच जणांना मारतं. पण त्या झटापटीत आसपासच्या चांगल्या पेशीही मरतात आणि तिथे व्रण राहतो.

पहिल्या दोन महिन्यांत हे सगळं धुमश्चक्रीसारखं चालतं. नंतर तेच फार तुरळक होतं. आज इथे चार पेशी, पुढच्या महिन्यात तिथे सहा. थांबत मात्र नाही.

रक्तात जंतू किती विरळ होतात, याचा अंदाज एका जुन्या चाचणीवरून येतो. सूक्ष्मदर्शकाखाली काही सापडत नसे, तेव्हा डॉक्टर प्रयोगशाळेत वाढवलेले, जंतू नसलेले किडे घेत. डबीच्या तोंडाला कापड बांधून ती रुग्णाच्या हातावर उपडी ठेवत आणि अर्धा तास किड्यांना रक्त पिऊ देत. मग महिनाभर ते किडे सांभाळायचे आणि त्यांच्या आतड्यात जंतू वाढलेत का ते बघायचं. किड्याच्या पोटात एखादा जरी जंतू गेला तरी तो तिथे वाढून हजारोंनी दिसतो. एवढं करूनसुद्धा अनेक रुग्णांत ही चाचणी कोरी येई, आणि त्यांच्या शरीरात जंतू असेच.

म्हणून आज जुन्या लागणीसाठी रक्तात जंतू शोधत बसत नाहीत. शरीराने जंतूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं, म्हणजे त्याला ओळखून धरणारी प्रथिनं, शोधतात. तीही दोन वेगवेगळ्या पद्धतींच्या चाचण्यांनी, कारण एकटी चाचणी कधीकधी फसवते. दोन्ही जुळल्या तरच निदान पक्कं. दोघींचं जमलं नाही तर तिसरी करतात.

हृदयाच्या तीन तारा

एवढं नुकसान चालू असताना माणसाला काही जाणवत का नाही? कारण हृदय आणि आतडं या दोन्ही अवयवांकडे भरपूर राखीव क्षमता असते, आणि ती संपेपर्यंत ते कुरकुरत नाहीत.

हृदयाचं घ्या. प्रत्येक ठोक्याचा हुकूम वरच्या कप्प्यात निघतो आणि एका मुख्य तारेने खाली येतो. खाली तिच्या दोन शाखा होतात, उजवी आणि डावी. डावीचे पुन्हा दोन फाटे, एक पुढचा, एक मागचा. म्हणजे खालच्या कप्प्यांपर्यंत हुकूम पोचवायला तीन तारा. चागासमध्ये ठरावीक क्रमाने बिघाड होताना फार वेळा दिसतो: आधी उजवी शाखा जाते, तिच्याबरोबर डावीचा पुढचा फाटा. उरते एकच तार. त्या एका तारेवरही हृदय नेमाने धडधडत राहतं. माणूस शेतात राबतो, जिने चढतो, फुटबॉल खेळतो. त्याला काहीच कळत नाही, पण साध्या ईसीजीत या दोन तुटलेल्या तारा स्पष्ट दिसतात. लॅटिन अमेरिकेत जन्मलेल्या माणसाच्या ईसीजीत हे दोन बिघाड एकत्र दिसले की तिथला जाणता डॉक्टर पहिला प्रश्न विचारतो: लहानपणी घर मातीचं होतं का?

तिसरी तार गेली की वरचा हुकूम खाली पोचतच नाही. खालचे कप्पे आपल्या मनाने मिनिटाला तीस-चाळीस ठोके देत राहतात. भोवळ येते, माणूस उभ्याउभ्या कोसळतो. इथे पेसमेकर बसवला तर जीव वाचतो.

दुसरा धोका व्रणांचा. ओढ्यात मधेच खडक आला की पाणी त्याच्याभोवती भोवरा धरतं. तसाच विजेचा प्रवाह व्रणाभोवती गोल फिरू लागला की ठोके बेफाम वेगाने सुटतात. चांगला दिसणारा माणूस अचानक जातो तो बरेचदा यामुळे. आणि तिसरा, हृदयाच्या टोकाशी भिंत पातळ होऊन तिथे फुगवटा येतो. त्या खोबणीत रक्त साचून गुठळी बनते, आणि ती सुटून मेंदूत गेली तर अर्धांगवायू. चागास झाल्याचं ज्यांना माहीतच नव्हतं, अशा काहींच्या बाबतीत निदानाची सुरुवात अशा झटक्यापासून होते.

शेवटी हृदय सैल, मोठं होतं आणि रक्त नीट ढकलू शकत नाही. या टप्प्यापर्यंत यायला लागणीपासून साधारण दहा ते तीस वर्षं लागतात.

आतड्यात काय होतं: स्लॅबच्या दिवशीची रांग

स्लॅब पडताना पाहिला असेल. खालपासून वरपर्यंत मजुरांची रांग उभी असते आणि काँक्रीटचं घमेलं हातोहात वर जातं. प्रत्येकाने वेळेवर हात पुढे केला तरच रांग चालते. अन्ननलिका आणि आतडं घास असाच पुढे सरकवतात, आणि कुणी कधी हात पुढे करायचा हे ठरवतात आतड्याच्या भिंतीत विखुरलेल्या चेतापेशी. त्या गेल्या तर स्नायू असतात, ताकदही असते, पण एकमेकांचा मेळ राहत नाही.

ब्राझीलमध्ये फ्रिट्झ कोबर्ले या विकृतिशास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकात मृत रुग्णांच्या अन्ननलिका आणि आतडी घेऊन त्यातल्या या चेतापेशी अक्षरशः मोजल्या. किती कंटाळवाणं काम असेल! पण त्यातून चित्र स्वच्छ झालं. मोठ्या आतड्यातल्या निम्म्याहून जास्त चेतापेशी गेल्या की ते ताणून फुगू लागतं. अन्ननलिका त्याहून चिवट, तिच्या फार मोठ्या प्रमाणात पेशी जाव्या लागतात. या पेशींचं बरंच नुकसान पहिल्या, तापाच्या काळातच होतं. त्यावर पुढची तुरळक झटापट, आणि त्यावर वय. वाढत्या वयाबरोबर आपल्या सगळ्यांच्याच आतड्यातल्या काही चेतापेशी कमी होतात. निरोगी माणसाला त्याने फरक पडत नाही, कारण पुंजी मोठी असते. चागासच्या रुग्णाची पुंजी लहानपणीच खर्च झालेली असते, म्हणून चाळिशीत ती संपते.

मग काय दिसतं? अन्ननलिकेचं खालचं तोंड वेळेवर उघडत नाही. आधी कोरडा भात अडकतो, मग मऊ पदार्थ, पुढे पाणीसुद्धा. मध्य ब्राझीलमध्ये खेड्यापाड्यांत या दुखण्याला जुनं नाव आहे, त्याचा अर्थच 'घास अडकण्याचा आजार'. डॉक्टर चागास यांचा जन्म होण्याच्या कितीतरी आधीपासून लोक ते ओळखत होते. मोठं आतडं फुगलं तर बद्धकोष्ठ होतं, आणि ते दोन-तीन दिवसांचं नसून आठवड्या-दोन आठवड्यांचं. कधी ते सैल आतडं स्वतःभोवती पिळा घेतं, तेव्हा तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते.

आतड्याचा त्रास ब्राझील, अर्जेंटिना, बोलिव्हिया या भागात जास्त आणि मेक्सिकोकडे क्वचित दिसतो. जंतूचे वंश प्रदेशागणिक वेगळे आहेत, हे त्यामागचं मुख्य कारण मानतात.

सगळ्यांनाच हे होतं का?

नाही, आणि हे सांगायला सगळ्यात चांगलं उदाहरण पहिल्याच रुग्णाचं आहे.

१९०७ मध्ये कार्लोस चागास हे तरुण डॉक्टर ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यात लासांस या गावी आले. रेल्वेचा मार्ग टाकणाऱ्या मजुरांमधला मलेरिया आटोक्यात आणणं हे त्यांचं काम. प्रयोगशाळा होती रेल्वेच्या एका डब्यात. तिथल्या एका अभियंत्याने त्यांना घरांत सापडणारा रक्तपिपासू किडा दाखवला. चागास यांनी तो उघडला आणि आतड्यात शेपूटवाले जंतू सापडले. आपले गुरू ओस्वाल्दो क्रुझ यांच्या नावावरून त्यांनी जंतूचं नाव ठेवलं. मग हा जंतू माणसात असतो का, याचा शोध सुरू झाला. १४ एप्रिल १९०९ रोजी बेरेनीस नावाच्या दोन वर्षांच्या तापलेल्या मुलीच्या रक्तात तो दिसला. इतर आजारांत आधी रुग्ण कळतो आणि मग कारण. इथे किडा आणि जंतू आधी कळले, रुग्ण शेवटी. ती १४ एप्रिल आता जागतिक चागास दिन म्हणून पाळली जाते.

बेरेनीस सत्तरी ओलांडून जगली. १९६० च्या दशकात आणि पुन्हा १९७८ मध्ये तिच्या शरीरातून जिवंत जंतू मिळवून दाखवता आला. म्हणजे जवळजवळ सत्तर वर्षं ती जंतू अंगात घेऊन वावरली आणि तिचं हृदय या आजाराने निकामी झालं नाही.

लागण झालेल्यांपैकी साधारण तिसरा हिस्सा लोकांना पुढे हृदयाचा त्रास होतो. दहातल्या एकाला आतड्याचा किंवा दोन्हींचा. बाकीचे बेरेनीससारखे आयुष्य काढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात सत्तर लाखांच्या आसपास लोकांना लागण आहे आणि वर्षाला दहा हजारांवर मृत्यू होतात. कोण कोणत्या गटात जाणार, हे आधी सांगणारी चाचणी आज नाही. म्हणूनच लागण असलेल्या प्रत्येकाचा ईसीजी वर्षाकाठी काढावा लागतो.

औषध आहे, मग अडचण काय?

एका भावाबहिणीचं उदाहरण घेऊ. दोघं काल्पनिक आहेत, पण त्यांच्या बाबतीत जे घडतं तसं बार्सिलोनाच्या दवाखान्यांत घडत असतं. बोलिव्हियातल्या कोचाबांबाजवळच्या खेड्यात, मातीच्या घरात दोघं वाढले. मोठेपणी कामासाठी स्पेनमध्ये आले.

बहीण एकतीस वर्षांची, गरोदर. बार्सिलोना ज्या प्रांतात आहे त्या कातालोनियात लॅटिन अमेरिकेतून आलेल्या गरोदर बायकांची चागाससाठी तपासणी करतात. तिच्या दोन्ही चाचण्या जुळल्या. ईसीजी चांगला, छातीचा एक्स-रे चांगला. तिला काहीच होत नव्हतं आणि तिचा यावर विश्वासच बसेना. गरोदरपणात औषध देत नाहीत, म्हणून थांबले. बाळ जन्मल्यावर त्याचं रक्त लगेच तपासलं, जंतू दिसले नाहीत. पण तेवढ्यावर सोडलं नाही. आईची प्रतिपिंडं बाळात काही महिने टिकतात, म्हणून नऊ-दहा महिन्यांनी पुन्हा चाचणी केली. ती कोरी आली तेव्हा बाळ सुटलं. शंभर लागण झालेल्या आयांमागे साधारण पाचेक बाळांना लागण होते, आणि त्या बाळांना पहिल्या वर्षात औषध दिलं तर जवळजवळ सगळी बरी होतात.

बाळाचं अंगावरचं दूध सुटल्यावर तिला औषध सुरू झालं: बेन्झनिडॅझोल. वजन साठ किलो, किलोमागे दिवसाला पाच मिलिग्रॅम, म्हणजे रोज तीनशे मिलिग्रॅम, साठ दिवस. दुसऱ्या आठवड्यात अंगावर खाज आणि पुरळ आलं. या औषधाचा हा नेहमीचा त्रास. खाजेच्या गोळ्या देऊन ते सांभाळलं. उशिराच्या टप्प्यात काहींच्या तळपायांना मुंग्या येतात. मोठ्या माणसांपैकी साधारण पाचातला एक त्रासामुळे औषध मधेच सोडतो. तिने पूर्ण केलं. पुढच्या बाळाला लागण होण्याचा धोका त्यामुळे जवळपास संपला.

आता भाऊ. वय चव्वेचाळीस. बहिणीमुळे त्याचीही तपासणी झाली. कधीमधी उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते, एवढंच तो म्हणाला. ईसीजीत दोन तारा गेलेल्या. सोनोग्राफीत हृदयाच्या टोकाशी छोटा फुगवटा. चोवीस तास ठोके नोंदवणारं यंत्र लावलं तर रात्री काही क्षण बेफाम ठोके सुटलेले दिसले. त्याला गुठळी होऊ नये म्हणून औषध, ठोक्यांसाठी औषध, आणि गरज पडली तर धक्का देणारं छोटं यंत्र छातीत बसवायचं ठरलं.

त्यालाही तेच साठ दिवसांचं औषध का नाही? हा प्रश्न खूप मोठ्या अभ्यासाने विचारला गेला. हृदय आधीच बिघडलेल्या २,८५४ रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. औषधाने रक्तातले जंतू घटले, पण पाचेक वर्षांत हृदयाचं बिघडणं थांबलं नाही. व्रण झाला तो झाला, तुटलेली तार जंतू मेल्याने जोडली जात नाही. म्हणजे औषध चालतं तेव्हा रुग्णाला काही होत नसतं, आणि काही होऊ लागतं तेव्हा औषधाचा फारसा उपयोग उरलेला नसतो. हा या आजाराचा सगळ्यात क्रूर पेच आहे. मला व्यक्तिशः ही गोष्ट फार अस्वस्थ करते, कारण जगात लागण झालेल्यांपैकी बहुतेकांना आपल्याला लागण आहे हेच ठाऊक नाही.

आणखी एक अडचण. औषध लागू पडलं की नाही हे पटकन सांगता येत नाही. मोठ्या माणसाच्या रक्तातली प्रतिपिंडं पुरती जायला दहा-वीस वर्षं लागू शकतात. बहिणीला "बरी झालीस" असं छातीठोकपणे सांगणारा कागद बराच काळ मिळणार नाही.

आपल्याकडे येईल का?

चागासचा जंतू भारतातल्या किड्यांत नाही. किड्याचा एक भाऊबंद मात्र आहे. बंदरांच्या गावांत, उंदरांच्या सोबतीने राहणारी एक जात जहाजांबरोबर जगभर पसरली, ती भारतातही आढळते. तिच्यात उंदरांचा जंतू असतो, माणसाचा नाही.

जंतूचेही नातलग आपल्याकडे आहेत. घोडे, उंट, गुरं यांना होणारा 'सर्रा' हा त्यातल्याच एका जंतूचा आजार. २००५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला हा गुरांचा जंतू झाल्याची नोंद आहे, माणसात अशी पक्की सिद्ध झालेली ती पहिलीच. पुढे कळलं की सर्वसाधारण माणसाच्या रक्तात या जंतूला मारणारं एक प्रथिन असतं, ते त्याच्या रक्तात नव्हतं. चागासच्या जंतूवर मात्र या प्रथिनाचा असा परिणाम होत नाही, त्यामुळे दोन्ही गोष्टींची गल्लत करू नये.

तर ज्यांनी कधी लॅटिन अमेरिकेतल्या खेड्यांत मुक्काम केला नाही, तिथलं रक्त घेतलेलं नाही, त्यांनी महाराष्ट्रात बसून याची धास्ती घ्यायचं कारण नाही.

हे सगळं मी बहिणीला दोन-तीन फोनमध्ये मिळून सांगितलं. तिच्यासाठी करण्यासारखं थोडंच होतं: दारांच्या फटी बुजवायच्या, अंगणातला दिवा दाराजवळ ठेवायचा नाही, कुत्र्याला रात्री घरात घ्यायचं. किडा सापडलाच तर उघड्या बोटांनी चिरडायचा नाही. डबीत पकडायचा आणि जागा ब्लीच घातलेल्या पाण्याने पुसायची.

ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ताई, आमच्या ऑफिसात साफसफाईला येणाऱ्या बाई एल साल्वादोरच्या आहेत. लहानपणी मातीच्या घरात राहायच्या, असं त्यांनीच सांगितलं होतं. त्यांची आई पन्नाशीत अंगणात झाडता झाडता गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय."

मी तिला म्हटलं, त्यांना दोन चाचण्यांची नावं लिहून दे, आणि ईसीजी काढायला सांग.

तिने कागद-पेन घेतल्याचं मला फोनवर ऐकू आलं.